साउंडबार टीव्हीच्या कुठल्या एचडीएमआय सॉकेटला लावायचा, आणि केबल कुठली लागते

प्रश्न: टीव्हीला मागे तीन एचडीएमआय सॉकेट आहेत, नवीन साउंडबार त्यातल्या एकाला जोडला पण आवाज अजून टीव्हीतूनच येतोय. नक्की कुठल्या सॉकेटला लावायचा? आणि त्यासाठी २.१ वाली महाग केबल घ्यावीच लागते का?

उत्तर:

ज्या सॉकेटच्या शेजारी ARC किंवा eARC असं छापलेलं आहे त्यालाच लावायचा, बाकीच्या दोन्हीत तो कधीच वाजणार नाही. आणि केबलचं म्हणाल तर नवीन घ्यायची घाई करू नका, कारण तुम्ही जे लिहिलंय की आवाज टीव्हीतूनच येतोय, त्यावरून मला तरी केबलवर पहिला संशय येत नाही. केबल खराब असली की लक्षण बहुतेक वेळा वेगळं दिसतं, ते पुढे सांगतो. मी टीव्ही आणि होम थिएटर बसवायचं काम बरीच वर्षं करतोय, आणि साउंडबार वाजत नाही म्हणून बोलावतात तेव्हा बऱ्याचदा चूक सॉकेटची असते, नाहीतर साउंडबारच्या बाजूच्या टोकाची.

आधी एकच सॉकेट का ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. टीव्हीची एचडीएमआय सॉकेटं ही सगळी आत घेणारी आहेत, म्हणजे सेट टॉप बॉक्स किंवा प्लेअरमधून चित्र आणि आवाज टीव्हीत येतो, उलटा जात नाही. जोपर्यंत सगळं बाहेरच्या डब्यातून यायचं तोपर्यंत हे ठीक होतं. पण टीव्हीमध्येच अॅप आली, आणि त्यांचा आवाज टीव्हीतून बाहेर काढून स्पीकरपर्यंत न्यायचा तर वेगळी ऑप्टिकल वायर टाकावी लागायची. म्हणून २००९ मध्ये एचडीएमआय १.४ आलं तेव्हा त्यात ऑडिओ रिटर्न चॅनल दिलं, त्यालाच आपण आर्क म्हणतो. केबल तीच, पण तिच्यातल्या १४ नंबरच्या पिनवरून, जी आधी राखीव म्हणून नुसती पडून होती, आवाज टीव्हीकडून उलट साउंडबारकडे जातो. आता हा उलटा आवाज पाठवणारं सर्किट टीव्ही बनवणारे साधारणपणे एकाच सॉकेटच्या मागे बसवतात, कारण एका टीव्हीला साउंडबार एकच लागणार. बाकीच्या सॉकेटात ते सर्किटच नाही, त्यामुळे मेनूत कितीही सेटिंग फिरवली तरी तिथून आवाज बाहेर येणार नाही.

सॉकेट शोधताना नंबरवर जाऊ नका. कोणी सांगतं दोन नंबरला लाव, कोणी सांगतं तीन नंबरला, पण हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. शेजारची छापील अक्षरं वाचा, `HDMI 2 (ARC)` किंवा `HDMI 3 (eARC/ARC)` असं काहीतरी असेल. टीव्ही भिंतीला असेल तर मान वाकडी करत बसू नका, फोन मागे घालून फ्लॅश लावून फोटो काढा, अक्षरं बारीक आणि काळ्यावर राखाडी असतात त्यामुळे डोळ्याने तशीही नीट दिसत नाहीत. आणि बघून घ्या की त्या सॉकेटात आधीच सेट टॉप बॉक्स तर नाहीये ना, कारण हे फार वेळा होतं, टीव्ही बसवणाऱ्याने हाताला आलेल्या पहिल्या भोकात बॉक्स लावलेला असतो. बॉक्सला कुठलंही सॉकेट चालतं, त्याला खुशाल दुसरीकडे हलवा. तिन्हीपैकी एकावरही ARC लिहिलेलं नसेल (खूप जुन्या टीव्हीत नसतं, कॉम्प्युटरच्या मॉनिटरला तर बहुतेक नसतंच) तर मग ऑप्टिकल वायरनेच साउंडबार जोडायचा, त्यात वेळ घालवू नका.

आता दुसरं टोक. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि घोळ इथेच होतो. साउंडबारला जर एकच एचडीएमआय सॉकेट असेल तर प्रश्न नाही, तेच आर्कचं. पण दोन किंवा तीन असतील तर त्यातलं एक `HDMI OUT` असतं, त्याच्याजवळ `TV ARC` किंवा `eARC` लिहिलेलं असतं, आणि बाकीची `HDMI IN` असतात. माणूस सरळ विचार करतो की आवाज टीव्हीतून साउंडबारच्या आत जाणार आहे म्हणजे IN ला लावायला पाहिजे, आणि तो तिथे लावतो. तसं नाहीये. चित्राच्या हिशोबाने बघितलं तर साउंडबार हा टीव्हीच्या आधी येतो, त्याच्यातून चित्र बाहेर पडून टीव्हीत जातं म्हणून ते OUT, आणि आर्कचा आवाज त्याच वायरीवरून उलटा येतो. म्हणजे टीव्हीच्या ARC सॉकेटपासून साउंडबारच्या OUT पर्यंत, एवढं पक्कं धरा.

दोन्ही टोकं बरोबर असतील तर पुढचा नंबर सेटिंगचा. आर्क चालू व्हायला टीव्ही आणि साउंडबारमध्ये आधी एक बोलणं व्हावं लागतं, साउंडबार म्हणतो मी इथे आहे आवाज मला दे, टीव्ही म्हणतो ठीक आहे आणि स्वतःचे स्पीकर बंद करतो. हे बोलणं सीईसी नावाच्या सोयीवरून होतं जी १३ नंबरच्या पिनवर चालते, आणि टीव्हीच्या मेनूत तिला सीईसी असं सरळ नाव फारसं नसतं, प्रत्येक कंपनीने आपलं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये `Anynet+`, एलजीमध्ये `SIMPLINK`, सोनीत `BRAVIA Sync`. ती चालू करा, साउंडबारच्या बाजूलाही तशी सेटिंग असेल तर तीही चालू करा, मग टीव्हीच्या साउंड मेनूत आउटपुट म्हणून टीव्ही स्पीकरऐवजी एचडीएमआय आर्क निवडा. एवढं करूनही काही झालं नाही तर दोघांचे प्लग भिंतीतून काढून एक-दोन मिनिटं थांबून परत लावा. रिमोटने बंद करून उपयोग नाही, स्टँडबायमध्ये ते जुनंच बोलणं धरून बसतात.

आता लक्षणांवर येतो, कारण केबल बदलायची की नाही हे इथे कळतं. चित्र आणि आवाज सोडला तरी त्या केबलमध्ये सीईसीची वायर वेगळी आणि आर्कची वायर वेगळी आहे हे लक्षात ठेवा. तुमच्यासारखं, टीव्हीचा आवाज टीव्हीतूनच चालू आहे, म्हणजे ते बोलणंच झालेलं नाही, टीव्हीला साउंडबार सापडलेलाच नाही. तिथे सॉकेट, टोक आणि सीईसीची सेटिंग बघायची. याउलट टीव्हीचे स्पीकर गप्प झाले, टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवला तर साउंडबारवरचा आकडा पण वाढतो, पण आवाज काहीच नाही, तर १३ ची वायर चांगली आहे आणि १४ वर काहीतरी अडलंय, तेव्हा केबलवर संशय घ्या किंवा मग आवाजाच्या फॉरमॅटवर. आणि तिसरं लक्षण असं की आवाज साउंडबारमधून मस्त येतोय पण टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त होत नाही. हे ईआर्कमध्ये, म्हणजे आर्कच्या पुढच्या, जास्त आवाज नेणाऱ्या आवृत्तीत होतं, कारण ईआर्कला चालू व्हायला सीईसी लागत नाही, त्याचं स्वतःचं बोलणं आर्कच्याच वायरींवर चालतं, पण आवाजाचं बटण मात्र सीईसीवरूनच जातं. तिथे फक्त सीईसी चालू करायचं.

फॉरमॅटवर संशय कसा तपासायचा? टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट असं काहीतरी असतं, त्यात `PCM`, `Auto`, `Bitstream` किंवा `Pass Through` असे पर्याय असतात. ते `PCM` वर टाकून बघा. पीसीएम म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, तो सगळ्या साउंडबारना कळतो, त्यामुळे पीसीएमवर आवाज आला आणि बाकीच्यावर नाही आला तर केबल निर्दोष, साउंडबारला तो फॉरमॅट झेपत नाहीये. पण साउंडबार मागे सराउंड स्पीकर असलेला असेल तर कायम पीसीएमवर ठेवू नका, कारण साध्या आर्कवर पीसीएम म्हणजे फक्त दोन चॅनल, मागचे स्पीकर असून नसल्यासारखे होतात. परीक्षा झाली की `Auto` किंवा `Pass Through` वर परत या.

दोनच चॅनल का, तर जागेचा हिशोब आहे. साध्या आर्कवर आवाजाला रस्ता जुन्या ऑप्टिकल वायरीएवढाच अरुंद आहे. दोन चॅनलचा साधा पीसीएम म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोनदा, झाले साधारण दीड मेगाबिट, ते जातं. डॉल्बी डिजिटल ५.१ दाबून बसवलेलं असतं, जास्तीत जास्त ६४० किलोबिट, तेही आरामात जातं. स्ट्रीमिंग अॅपमधलं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, ते ७६८ किलोबिटच्या आसपास असतं, म्हणून टीव्ही आणि साउंडबार दोघांनी साथ दिली तर ते साध्या आर्कवरूनही येतं, त्यासाठी ईआर्क लागतोच असं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण निव्वळ अॅपमधल्या अॅटमॉससाठी लोक टीव्ही बदलायला निघतात. ईआर्क खरा लागतो तो ब्लू-रे डिस्कवरच्या न दाबलेल्या किंवा काहीही न गमावता दाबलेल्या आवाजासाठी, डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, किंवा गेमिंग कन्सोलचा बहुचॅनल पीसीएम. ईआर्क एचडीएमआय २.१ बरोबर २०१७ मध्ये आलं आणि त्याचा रस्ता साधारण ३७ मेगाबिटचा आहे. आठ चॅनल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, गुणाकार करून बघा, तेवढेच येतात.

आणि हो, ईआर्क दोन्हीकडे पाहिजे. टीव्ही ईआर्क आणि साउंडबार नुसता आर्क, किंवा उलट, तर दोघं साध्या आर्कवर उतरतात, आवाज बंद पडत नाही, फक्त वरचे फॉरमॅट जात नाहीत.

आता केबल. ३७ मेगाबिट वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की ४८ गिगाबिट वगैरे जे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात त्याचा आवाजाशी संबंध नाही, ते चित्राच्या वायरींचं माप आहे. तुमच्या केबलमधून जर फक्त आवाज साउंडबारकडे जाणार असेल, म्हणजे बॉक्स, प्लेअर सगळं टीव्हीला लागलेलं, तर त्या केबलमधून चित्र जातच नाहीये. साध्या आर्कला घरातली पडलेली हाय स्पीड केबल बहुतेक वेळा चालते. ईआर्कला मात्र १४ आणि १९ या दोन पिनांच्या वायरी जोडीने लागतात, त्या एकमेकींना पीळ दिलेल्या आणि वरून आवरण असलेल्या असाव्या लागतात, आणि तशी जोडी `High Speed with Ethernet` किंवा `Ultra High Speed` असं नाव असलेल्या केबलमध्ये असते. इथरनेटचा आपल्याला उपयोग नाही, पण त्या जोडीचा आहे. केबलच्या अंगावर हे शब्द छापलेले असतात, वाचून घ्या. `HDMI 2.1 cable` हे मात्र अधिकृत नावच नाही, केबलला आवृत्तीचा नंबर देत नाहीत, त्यांचा वर्ग नावाने ओळखतात, आणि अल्ट्रा हाय स्पीडच्या खोक्यावर तपासता येईल असं क्यूआर कोडवालं लेबल असतं. ते नसलेलं २.१ म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं, एवढंच.

चांगली केबल लागते ती तेव्हा, जेव्हा तुम्ही प्लेअर किंवा कन्सोल साउंडबारच्या `HDMI IN` मध्ये लावता आणि तिथून पुढे चित्र टीव्हीला नेता. तेव्हा त्याच केबलमधून चित्र पुढे आणि टीव्हीचा आवाज मागे जातो. फोर-के साठ फ्रेमला १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड पुरते, फोर-के एकशेवीसला अल्ट्रा हाय स्पीड पाहिजे. पण साउंडबारच्या सॉकेटातूनच एकशेवीस फ्रेम पुढे जात नसतील तर केबल कितीही भारी घ्या, जाणार नाहीत. म्हणून कन्सोल थेट टीव्हीला लावून आवाज ईआर्कने साउंडबारला देणं मला जास्त बरं वाटतं, फक्त काही टीव्हीत एकशेवीस फ्रेमची सॉकेटं दोनच असतात आणि त्यातलंच एक ईआर्कचं असतं, म्हणजे साउंडबार लावल्यावर कन्सोलसाठी एकच उरतं. टीव्ही घेण्याआधी हे बघायला पाहिजे.

लांब केबलचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून बरंच कळतं. एका घरी भिंतीच्या आतून बारा मीटरची केबल नेलेली, टीव्ही एका भिंतीला आणि साउंडबार, प्लेअर सगळं दुसऱ्या बाजूच्या कपाटात. तक्रार अशी की प्लेअरवरून सिनेमा लावला की चित्र झकास, साउंडबारमधून आवाजही झकास, पण टीव्हीचं स्वतःचं अॅप उघडलं की सगळं गप्प, टीव्ही पण गप्प आणि साउंडबार पण. त्यांची खात्री पटलेली की केबल चांगली आहे, चित्र दिसतंय म्हणजे केबल चांगली. मी रिमोटने आवाज वाढवला तर साउंडबारवरचा आकडा सरकत होता, म्हणजे सीईसी चालू. डिजिटल आउटपुट पीसीएमवर टाकलं, तरी काही नाही, म्हणजे फॉरमॅटचा दोष नाही. ईआर्क बंद करून साध्या आर्कवर आणलं, तरी काही नाही. मग साउंडबार कपाटातून काढून टीव्हीच्या खाली जमिनीवर ठेवला, माझ्या पिशवीतली दीड मीटरची साधी केबल दोन्ही सॉकेटात लावली, आणि अॅपचा आवाज लगेच आला. म्हणजे टीव्ही, साउंडबार, सेटिंग, तिन्ही सुटले, राहिली भिंतीतली केबल. ती फायबरची होती. फायबरच्या केबलमध्ये चित्र प्रकाशावर एका दिशेने जातं, आणि बाकीच्या हळू सिग्नलसाठी तांब्याच्या वायरी वेगळ्या टाकतात, पण आर्कची वायर सगळे टाकत नाहीत. तिच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं की आर्क चालणार नाही. प्लेअरचा आवाज येत होता तो साउंडबारने प्लेअरकडून सरळ घेतलेला, त्याला परतीची वायर लागतच नव्हती, म्हणून कुणाला शंका आली नाही.

शेवटी ईआर्क चालतो असं स्पष्ट लिहिलेली फायबर केबल आणली, आधी ती जमिनीवरच पसरून दोन्ही टोकं लावून अॅपचा आवाज ऐकून घेतला आणि मगच जुन्या केबलला बांधून पाइपातून ओढली. ओढल्यावर तपासायची चूक करू नका, परत काढणं फार त्रासाचं असतं. आणि फायबरच्या किंवा आत चिप असलेल्या केबलला दिशा असते, एका टोकावर `Source` आणि दुसऱ्यावर `Display` किंवा `TV` छापलेलं असतं. इथे परत मघाचाच गोंधळ होतो, आवाज टीव्हीतून येतोय म्हणून लोक `Source` टीव्हीला लावतात. `Source` साउंडबारच्या OUT ला आणि `Display` टीव्हीला. उलटी लावली तर काहीच चालत नाही आणि केबल बिघडलेली वाटते.

तसंच मधे काही घालू नका. एचडीएमआय स्विच, स्प्लिटर, दोन केबल जोडणारा जॉइंट, भिंतीतली प्लेट, यातली बरीच साधनं चित्र पुढे पाठवतात पण परतीचा आवाज अडवतात. साउंडबार आणि टीव्हीमध्ये एकच अखंड केबल, शक्यतो दोन-तीन मीटरच्या आतली.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. आधी टीव्हीच्या मागचा फोटो काढून ARC लिहिलेलं सॉकेट शोधा, तिथे बॉक्स असेल तर हलवा. आता जी केबल आहे तीच त्या सॉकेटातून साउंडबारच्या OUT ला लावा. सीईसी चालू करा, आउटपुट बदला, प्लग काढून परत लावा, बाकीच्या सॉकेटातल्या वायरी पहिल्या वेळी काढूनच ठेवा, कारण कधी कधी दुसराच एखादा डबा सीईसीवर मधे बोलत असतो. मग बॉक्सवरून नको, टीव्हीच्याच एखाद्या अॅपवर काहीतरी लावून ऐका. टीव्हीचे स्पीकर गप्प झाले आणि आकडा सरकतोय पण आवाज नाही असं झालं, आणि पीसीएमवर टाकूनही नाही आला, तरच केबल बदला, आणि तेव्हाही `High Speed with Ethernet` लिहिलेली दोन मीटरची घ्या, तुम्हाला तेवढी पुरे. टीव्हीवर नुसतं ARC लिहिलंय की eARC, आणि साउंडबारवर काय लिहिलंय, ते फोटोत आलं तर मला कळवा, मग डिजिटल आउटपुट नेमकं कशावर ठेवायचं ते सांगता येईल.